मदत हवी आहे: फ्रेंच पाककृतींतल्या 'द्यू' आणि 'द ला'चं मराठीत काय करता?

शब्दवेडी: फ्रेंच पाककृतींचा अनुवाद करतेय, क्रेपवर अडकलेय. साहित्य: २५० ग्रॅम मैदा, ४ अंडी, अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम लोणी. लोणी कृतीत एकदा 'ल बर' म्हणून येतं आणि पुढे तव्यापाशी 'द्यू बर' म्हणून. सुरुवातीला नामाआधी 'द्यू', 'द ला' ही उपपदं दिसली की मी 'थोडं' लिहायचे. संपादक म्हणाले, इतकं थोडं-थोडं कशाला? म्हणून सगळी काढली. मग मैत्रिणीने मसुदा वाचून क्रेप केले आणि पन्नासच्या पन्नास ग्रॅम लोणी तव्यात घातलं!

पोळपाट: सोपं आहे. 'ल' असेल तर 'ते', 'द्यू' असेल तर 'थोडं'. माझ्या वर्गात असंच शिकवलं.

उंबरठा: वर्गात ठीक, पण 'ते लोणी घाला' असं स्वयंपाकघरात कोण बोलतं? आणि 'द्यू' म्हणजे कमी नव्हे, माप सांगितलेलं नाही एवढंच. 'इल मांज द्यू पें' म्हणजे तो पाव खातो, मग चार लाद्या का संपवेना. आपलं 'थोडं' मात्र हात आखडायला सांगतं.
शब्दवेडी, इथे क्रियापदावर भार टाका. 'ल बर' हे यादीतलं, मोजलेलं लोणी. तिथे लिहा 'वितळवलेलं सगळं लोणी पिठात घाला'. 'द्यू बर'ला 'तव्याला लोणी लावा'. 'लावा' म्हटल्यावर पन्नास ग्रॅम कोणी ओतणार नाही. मिठाला तसंच 'भुरभुरवा'. शिवाय साहित्यात 'तव्यासाठी वेगळं लोणी' अशी ओळ वाढवा.

खवय्या_पुणे: मेन्यूत 'तार्त द्यू जूर' पाहिलं होतं. म्हणजे दिवसातलं थोडं तार्त?

उंबरठा: हाहा, नाही. ते 'आजचं तार्त'. तो 'द्यू' म्हणजे 'द' आणि 'ल' जोडून झालेला 'चा-ची-चं'. गंमत म्हणजे क्रेपमध्येही तो आहे: 'ला मोआतिए द्यू ले'. इथे 'थोडं दूध' लिहिलंत तर फसलात. ते 'दुधातलं अर्धं', म्हणजे पाव लिटर, आणि पुढचं 'ल रेस्त द्यू ले' म्हणजे 'उरलेलं दूध'. 'द्यू'च्या आधी अर्धं, उरलेलं असा शब्द आहे का, ते आधी बघायचं.

पोळपाट: हे मान्य. पण माप नसेल तिथे 'थोडं'च बरं वाटतं मला. नवशिक्याला आधार लागतो.

शब्दवेडी: 'लावा' चपखल बसलं! आता प्रस्तावनेचा प्रश्न. आजीच्या टेबलावर 'द्यू पें, द्यू फ्रोमाज, द्यू वें'. 'पाव, चीज, वाइन' लिहिलं तर वाण्याची यादी वाटते.

उंबरठा: 'पाव असायचा, चीज असायचं, वाइन असायची.' ठेका राहतो.

पोळपाट: लांबलं की हो. मूळ वाक्य तीन घासांचं आहे.

उंबरठा: खरंय. 'पाव, चीज आणि हो, वाइनही'? नाही, तो 'हो' माझा झाला.