कडक भाषेत तक्रार पत्र लिहून हवंय, आजच

वैतागवाडी
नमस्कार मंडळी. मला एक तक्रार पत्र लिहून हवं आहे. भाषा एकदम कडक पाहिजे, वाचणाऱ्याला घाम फुटला पाहिजे. फार मनस्ताप झालाय, फोन करून करून थकलो, कुणी दाद देत नाही. नेटवरचे नमुने पाहिले, सगळे मुळमुळीत आहेत. उद्या सकाळी पाठवायचंय, तेव्हा जरा लवकर.

आषाढमेघ
कुणाविरुद्ध? कशाबद्दल? पत्र जाणार कुणाकडे?

सुलभाताई
वरच्या मजल्यावरून गळती आहे का हो? आमच्याकडे होती. मी भिंतीचे फोटो तारखेसकट काढून ठेवले होते, त्याचा फार उपयोग झाला. वरच्यांना आधी लेखी कळवा, तोंडी सांगितलेलं ते नंतर नाकारतात.

वैतागवाडी
गळती नाही हो ताई. वॉशिंग मशीन आहे. कंपनीने फसवलंय. पाणी बाहेर टाकत नाही, मध्येच बंद पडतं, ओले कपडे आत अडकून राहतात. आता म्हणतात पैसे भरा. द्या ना कुणीतरी पत्र.

रोखठोक
पत्रबित्र सोडा. समाजमाध्यमावर कंपनीला टॅग करून व्हिडिओ टाका. माझा फ्रिज असाच बदलून मिळाला. नाहीतर सरळ वकिलाची नोटीस.

यंत्रवेडा
पाणी टाकत नाही म्हणजे पंपाचा फिल्टर तुंबलाय. खाली डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं, ते उघडा, नाणी आणि बटणं निघतील. दुसरं म्हणजे बाहेर जाणारा पाइप किती उंचीवर टांगलाय? बऱ्याच फ्रंट लोड मशीनला जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटीमीटर लागतं. त्याहून फार वर असेल तर पंपाला दम लागतो. दहा मिनिटांचं काम, पत्राची गरजच नाही.

वैतागवाडी
फिल्टर साफ आहे. पाइप त्यांच्याच माणसाने बसवलाय. मला पत्र हवंय.

जुनीफाईल
मी बरीच वर्षं एका उपकरण कंपनीच्या तक्रार विभागात होते, अशी पत्रं वाचणं हेच माझं काम. कडक पत्रं रोज येत. 'अक्षम्य हलगर्जीपणा', 'योग्य ती कारवाई करावी' अशा पत्राला आम्ही काय करायचो सांगू? दिलगिरीचं ठरलेलं उत्तर आणि तंत्रज्ञाची एक भेट. बाईंना किंवा साहेबांना नेमकं काय हवंय ते लिहिलेलंच नसायचं, मग आम्हाला सर्वांत स्वस्त पडेल ते आम्ही द्यायचो आणि तक्रार बंद.

म्हणून आधी हे सांगा. मशीन कधी घेतलं, वॉरंटी किती वर्षांची? माणूस कधी कधी येऊन गेला? त्याने दिलेल्या जॉब शीटवर काय लिहिलंय, तुमच्या आठवणीतलं नको, कागदावरचं द्या. आणि तुम्हाला हवंय काय: दुरुस्ती, बदली मशीन की पैसे परत?

वैतागवाडी
कागद शोधले. मशीन 12 मार्च 2023 चं, वॉरंटी 2 वर्षं. जॉब शीट अशी:
20 जानेवारी 2025: पंप बदलला.
6 मार्च 2025: फिल्टर साफ केला, मशीन सुरू, ग्राहक समाधानी. (खाली आईची सही आहे, तिला वाचून दाखवलंच नव्हतं.)
28 एप्रिल 2025: वॉरंटी संपली, खर्चाचा अंदाज दिला.
दुकानातून एक्स्टेंडेड वॉरंटीही घेतली होती. ती असताना पैसे कसले मागतात? हवंय काय म्हणजे, न्याय हवाय.

यंत्रवेडा
बघा, फिल्टरच होता!

आषाढमेघ
अहो, फिल्टर 6 मार्चला साफ झाला आणि एप्रिलमध्ये परत तेच. फिल्टर हे कारण असतं तर तिथेच संपलं असतं.

यंत्रवेडा
परत तुंबू शकतो. पण पंप नवा असूनही तेच होत असेल तर वायरिंग किंवा कंट्रोल बोर्ड बघायला हवा, हे मान्य.

जुनीफाईल
न्याय पत्रात मागता येत नाही, बदली मशीन मागता येतं. ठरवा.

तुमचा खरा मुद्दा तारखांत आहे. पहिल्या दोन भेटी वॉरंटीत झाल्या, तिसरी वॉरंटी संपल्यावर, आणि बिघाड तिन्ही वेळा एकच. म्हणजे ही नवी तक्रार नाही, जुनीच न सुटलेली आहे. पत्र त्याच एका वाक्यावर उभं करा. 'ग्राहक समाधानी' ही ओळ ते तुमच्यावर उलटवणार, म्हणून ती लपवू नका. आपणच लिहा की त्या वेळी मशीन रिकामं चालवून दाखवलं होतं, कपड्यांसकट नाही. तसं घडलं असेल तरच लिहा.

वैतागवाडी
अगदी तसंच घडलं. रिकामंच चालवलं. ठीक आहे, बदली मशीन मागतो. पत्र दुकानदाराला ना? पैसे त्यानेच घेतले.

रोखठोक
दुकानदारालाच. विकलं त्याने, निस्तरावं त्याने.

जुनीफाईल
दुकानदाराला प्रत द्या. पण वॉरंटी ज्याने दिली त्याच्याकडे मुख्य पत्र, म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. पत्ता वॉरंटी कार्डावर असतो. सर्व्हिस सेंटरला लिहून उपयोग नाही, बदली मशीन मंजूर करायचा अधिकार त्यांच्याकडे बहुधा नसतो.

आणि तो एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद नीट बघा, त्यावर नाव कुणाचं आहे?

वैतागवाडी
दुसरीच कुठलीतरी कंपनी आहे! मशीनच्या कंपनीचं नावच नाही. आणि बिल भावाच्या नावावर आहे.

जुनीफाईल
तेच वाटलं होतं. मग मशीन कंपनीचा माणूस एप्रिलमध्ये पैसे मागणारच, त्याच्या लेखी ती वॉरंटी अस्तित्वातच नाही. त्या दुसऱ्या कंपनीकडे आजच वेगळा दावा नोंदवा. अशा योजनांत बिघाड कळवायला मुदत असते, ती तुमच्या कागदावर असेल. सही भावाची. पत्राचा गाभा असा ठेवा:

> विषय: वॉरंटी काळात नोंदवलेला व आजवर न सुटलेला बिघाड, मशीन बदलून मिळण्याबाबत
>
> मशीन दि. 12 मार्च 2023 रोजी खरेदी केले. पाणी बाहेर न जाता मशीन मध्येच बंद पडते, ही तक्रार वॉरंटी काळात 20 जानेवारी व 6 मार्च 2025 रोजी नोंदवली. पंप बदलूनही बिघाड कायम आहे. 6 मार्च रोजी मशीन रिकामे चालवून तपासले गेले, कपड्यांसह नाही. 28 एप्रिल रोजी त्याच बिघाडासाठी शुल्क मागण्यात आले, ते मला मान्य नाही. मशीन बदलून द्यावे. ते शक्य नसल्यास कारण लेखी द्यावे व मूळ बिघाड विनाशुल्क दुरुस्त करावा. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

वर मॉडेल, अनुक्रमांक आणि तिन्ही तक्रार क्रमांक. सोबत बिल व जॉब शीटच्या प्रती, मूळ कागद देऊ नका. ईमेलने पाठवा आणि पोच मिळेल अशा टपालानेही.

रोखठोक
यात कडक काय आहे?

जुनीफाईल
15 दिवस आणि 'मान्य नाही'. एवढं पुरतं.

आषाढमेघ
मला शंका आहे. दोन महिने गप्प बसून एप्रिलमध्ये तक्रार केली, मधल्या काळात मशीन चालू होतं, असं कंपनी म्हणेल. मग जुना बिघाड कसा ठरणार?

जुनीफाईल
म्हणू शकते. मधल्या काळात फोन केले असतील तर त्यांचे तक्रार क्रमांक किंवा एसएमएस लागतील. नसतील तर हा भाग कच्चा राहील, आणि बदलीऐवजी विनाशुल्क दुरुस्तीवर तडजोड होईल असा माझा अंदाज.

वैतागवाडी
आईच्या फोनमध्ये 19 मार्चचा एक एसएमएस सापडला, तक्रार क्रमांकासकट! माणूस आलाच नव्हता तेव्हा. घालतो पत्रात.

सुलभाताई
फोटो काढून ठेवा हो त्या मेसेजचा.