प्रति: बर्लिनची भिंत

"एका रात्रीत भिंत बांधली, मग अमेरिकेने ती लगेच पाडली का नाही?"

१२-१३ ऑगस्ट १९६१ च्या रात्री पूर्व जर्मनीने लावलेली फक्त काटेरी तार आली, काँक्रीट काही दिवसांनी. आणि ती सगळी पूर्व बर्लिन आणि पूर्व जर्मनीच्या हद्दीत होती. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी जुलैच्या भाषणात जपायच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्या पश्चिम बर्लिनपुरत्या: तिथलं सैन्य, तिथवरचा रस्ता, तिथल्या लोकांचं स्वातंत्र्य. भिंतीने यातलं काहीच मोडलं नाही. कोंडले गेले ते पूर्वेकडचे लोक, हे मला फार क्रूर वाटतं.

अमेरिकेच्या स्वतःच्या हक्काला हात लागला की काय फरक पडतो, ते ऑक्टोबरात दिसलं. पूर्वेच्या पोलिसांनी अमेरिकन अधिकाऱ्याची गाडी अडवून कागदपत्रं मागितली, तेव्हा मात्र पूर्व-पश्चिम बर्लिनमधल्या चेकपॉइंट चार्ली या नाक्यावर अमेरिकन आणि सोव्हिएत रणगाडे समोरासमोर आले. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत रणगाडा आधी मागे सरकला, मग अमेरिकन. भिंत तशीच राहिली.