विषय: गुणपत्रिकेच्या भाषांतरासोबतचं पत्र, जरा बघाल का?

सायली:
नमस्कार मंडळी,
प्रवेश कार्यालयाने नववीची गुणपत्रिका भाषांतरासह मागितली आहे. मूळ प्रत घरी, माझ्याकडे फक्त फोटो. भाषांतर मंडळातल्याच एका मावशींनी केलंय. पत्राचा कच्चा मसुदा आधी मराठीत लिहिलाय:
«महोदय, नववीची गुणपत्रिका व भाषांतर जोडले आहे. विज्ञानात ६९ गुण. एकूण ६०० पैकी ४३२, म्हणजे जीपीए साधारण ३.२. मी लहानपणापासून मेहनती आहे...»
फोटोही जोडलाय.

रमेश:
नोटरीचा शिक्का मारून घे, विषय संपला. मग कोणी काही विचारत नाही.

मेधा:
रमेश, शिक्का मागितला असेल तर घ्यावाच. पण नोटरी सहसा सही कोणाची एवढंच पाहतो. भाषांतर बरोबर आहे की नाही, हे तो बघत नाही. ते भाषांतर करणाऱ्याने लिहून द्यायचं: दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे, खाली नाव, सही, तारीख. सायली, मावशींकडून तेवढा कागद घे.

आता फोटो मोठा करून बघ. विज्ञानाच्या रकान्यावर शाळेचा शिक्का आलाय. ६ दिसतो, पुढे १ की ९ कळत नाही. भाषांतरात मात्र सरळ ६९ आहे. बाकी पाच विषयांची बेरीज ३६३, एकूण ४३२, म्हणजे ६९ च, मान्य. पण ते गणित झालं, वाचन नव्हे. भाषांतरात तिथे «शिक्क्यामुळे अस्पष्ट» असं हवं आणि बेरजेचा खुलासा तुझ्या पत्रात. तपासणारा फोटो शेजारी ठेवूनच बघतो.

जीपीए काढून टाक, रूपांतर त्यांच्या पद्धतीने तेच करतात. मेहनतीचं वाक्यही नको, त्याला निवेदनाचा वेगळा कागद असतो.

वसंतकाका:
आमच्या वेळी शाळेने पाकीट सीलबंद करून थेट पाठवलं होतं. मी ते उत्सुकतेने फोडलं, मग पुन्हा मागवावं लागलं! तू फोडू नकोस.

सायली:
काका, माझ्याकडे पाकीटच नाहीये :)
मेधाताई, असं चालेल?
«अर्ज क्रमांक अमुक. सोबत: १) नववीच्या गुणपत्रिकेचा फोटो २) भाषांतर ३) भाषांतरकाराचे प्रमाणपत्र. विज्ञानाचे गुण शिक्क्यामुळे नीट वाचता येत नाहीत. एकूण ४३२ मधून इतर पाच विषयांचे ३६३ वजा केल्यास ६९ येतात. मूळ प्रत घरी आहे, मागितल्यास स्कॅन पाठवीन. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर शेवटी, व्यक्ती एकच.»

मेधा:
हे चाललं. फक्त मूळ प्रतीचं स्कॅन घरच्यांकडून आजच मागव. फोटोवर काही ठिकाणी भागतं, काही ठिकाणी शाळेकडूनच हवं असतं. हे कार्यालय काय म्हणेल, ते त्यांनाच विचार.

रमेश:
तरी नोटरी करूनच ठेव गं.