बाळाचा एक्झिमा, अंडं आणि शेंगदाणा: तुमच्या घरी काय झालं?

लेक पाच महिन्यांची आहे. तिसऱ्या महिन्यापासून गाल लालभडक, आता दंडांवर आणि पोटऱ्यांवरही खरखरीत चट्टे. पुढच्या महिन्यात उष्टावण. सासूबाई म्हणतात अंडं आणि दाणे वर्षभर नकोत, उष्ण पडतात. शेजारीण म्हणते आधी रक्त तपासून घे. आमचे डॉक्टर म्हणतात, सहावा लागला की सुरू करा. ज्यांच्या बाळांना एक्झिमा होता त्यांनी सविस्तर लिहा: काय दिलं, किती दिलं, किती वेळाने काय झालं, आणि तपासणी केली असेल तर कशासाठी केली. "काही होत नाही गं" एवढंच लिहू नका, ते घरात रोज ऐकते.
– शाल्मली

मृण्मयी, नाशिक
आमचा अनुभव सरळ आहे. मुलाला अंड्याचा पिवळा भाग सुरू केला आणि एक्झिमा वाढला. अंडं बंद केलं, स्टिरॉइडचं मलम लावलं, दहा-बारा दिवसांत कातडी लोण्यासारखी. म्हणजे अंडंच होतं. दोन वर्षांचा होईपर्यंत मी तरी देणार नाही.

गणपुले काका
मला वांग्याने घशात खाज येते, लहानपणापासून. मी वांगं सोडलं, विषय संपला. जे सोसत नाही ते सोडावं, तपासण्या कशाला?

शाल्मली
काका, तुम्हाला खाऊन त्रास झाला म्हणून तुम्ही सोडलंत. माझ्या मुलीने अजून काही खाल्लेलंच नाही. :)

बालरोग_आजोबा
तीसेक वर्षं लहान मुलांची ओपीडी केली, त्यावर लिहितो. मृण्मयीताई, तुम्ही अंडं बंद केलं त्याच आठवड्यात मलमही सुरू केलंत. मग गुण कुणाचा? एक्झिमा आपल्या चालीनेही कमी-जास्त होतो. घाम, लाळ, लोकरीचं टोपडं, साबण, सर्दी-ताप, कशानेही भडकतो. त्या आठवड्यात बाळाने जे नवीन खाल्लं असेल त्यावर आळ येतो.

खरी अन्नाची अ‍ॅलर्जी बहुधा लपत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलटी होते. खोकला, घरघर किंवा बाळ एकदम मलूल पडणं, ही थेट दवाखान्यात पळण्याची चिन्हं. टोमॅटो किंवा लिंबू लागून तोंडाभोवतीच लाली आली आणि अर्ध्या तासात गेली, तर ती कातडीची चुरचुर असते.

उशिरा, म्हणजे दुसऱ्या दिवशी एक्झिमा भडकवणारं अन्न नसतंच असं नाही. नीट मलमपट्टी करूनही न आवरणाऱ्या काही बाळांत ते सापडतं. पण ते रक्तात दिसत नाही. एकच पदार्थ दोन ते चार आठवडे थांबवून पुन्हा देऊन बघावा लागतो, तोही डॉक्टरांना विचारून, कारण थांबवलेलं अन्न परत देताना कधी कधी जोराची रिअ‍ॅक्शन येते. पुन्हा दिलंच नाही तर काहीच सिद्ध झालं नाही. दोन वर्षं अंडं बंद ठेवण्यात हाच धोका आहे: पोटाची ओळख मोडते आणि फुटलेल्या कातडीतून मात्र अंड्याचा, दाण्याचा अंश आत जात राहतो. आपल्या घरात कुटाचे हात बाळाला लागतातच. म्हणून एक्झिम्याच्या बाळाला शेंगदाण्याच्या तेलाने मालीश नको. २००३ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात शेंगदाणा तेल असलेली मलमं आणि पुढची दाण्याची अ‍ॅलर्जी यांचा संबंध दिसला होता. मोहरीचं तेलही नको, ते कातडीला झोंबतं.

आदित्य, लंडन
इकडे हा विषय आरोग्यसेविकाच काढतात, कारण लीप नावाचा अभ्यास इथेच झाला. २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची सहाशेच्या वर बाळं होती. ज्यांना नियमित शेंगदाणा दिला त्यांच्यात पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी सुमारे ३ टक्के, ज्यांना टाळायला लावला त्यांच्यात सुमारे १७ टक्के.

आमच्या मुलाचा एक्झिमा तीव्र होता, महिन्यातले बहुतेक दिवस स्टिरॉइड लागायचं, म्हणून दाणा देण्याआधी कातडीवर टोचून तपासणी झाली. निगेटिव्ह आली. मग घरी: दोन छोटे चमचे गुळगुळीत पीनट बटर गरम पाण्यात पातळ करून कोमट केलं. आधी चमच्याच्या टोकावरचं चाटवलं, दहा मिनिटं थांबलो, मग उरलेलं. सकाळीच दिलं, सर्दी नसताना, म्हणजे पुढचे दोन तास डोळा ठेवता येतो. त्यानंतर आठवड्यातून तीनदा, आणि मधे बंद पडू दिलं नाही. अख्खा किंवा जाडसर दाणा कधीच नाही, श्वासनलिकेत अडकतो.

केतकी, पुणे
तपासणीची दुसरी बाजू माझ्याकडून. सातव्या महिन्यात लॅबचं मोठं पॅकेज केलं. गहू, दूध, अंडं, शेंगदाणा, तूरडाळ, पाचही पॉझिटिव्ह. त्याचं सगळं बंद आणि माझंही, कारण दूध पाजत होते. दीड महिन्यात एक्झिमा तसूभर हलला नाही, पोराचं वजन मात्र अडलं.

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "गहू आधी खात होता ना? दोन तासांत काय व्हायचं?" काहीच नाही. "मग ती अ‍ॅलर्जी नाही, नुसती रक्तातली खूण आहे." गहू, दूध, डाळ परत सुरू, तेव्हा बंद करून फार दिवस झाले नव्हते. मग त्यांनी मलम किती लावता ते करून दाखवायला सांगितलं. मी वाटाण्याएवढं लावत होते. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला लागते, आणि कातडी हाताला गुळगुळीत लागेपर्यंत थांबायचं नाही. आंघोळ कोमट, झटपट, बेसन-उटणं बंद, अंग टिपून लगेच जाड मॉइश्चरायझर. तीन आठवड्यांत तो रात्रभर झोपायला लागला.

अंडं आणि दाणा त्याने कधी खाल्लेच नव्हते, म्हणून ते दवाखान्यात थोडं-थोडं वाढवत दिले. पूर्ण उकडलेलं अंडं सहज पचलं. शेंगदाण्याच्या दुसऱ्याच पायरीला मानेवर गांधी उठल्या. म्हणजे पाचातलं एकच खरं निघालं. आता घरात कूट वेगळ्या डब्यात असतं आणि उपासाचं सगळंच वेगळं.

मृण्मयी, नाशिक
मग मी आता घरीच अंडं देऊन बघू का? मागच्या वेळी गांधी नव्हत्या, फक्त चट्टे वाढले.

बालरोग_आजोबा
किती महिने बंद आहे?

मृण्मयी, नाशिक
आठ.

बालरोग_आजोबा
मग घरी नको. आधी डॉक्टरांना दाखवा, त्यांना वाटलं तर फक्त अंड्याची तपासणी होईल, पॅकेज नाही. शाल्मलीताई, तुमच्या लेकीचं ठरतं ते एक्झिमा किती तीव्र आहे यावर. चट्टे थोडे असतील आणि साध्या मलमाने बसत असतील तर सहाव्या महिन्याच्या आसपास तपासणीविना घरी द्यावं. वारंवार स्टिरॉइड लागत असेल तर आधी तपासणी, पण तीही लवकर. तारीख मिळेपर्यंत तीन-चार महिने घालवायचे नाहीत. मधल्या बाळांचं काय करावं यावर आम्हा डॉक्टरांतही एकमत नाही.

शाल्मली
आमची मधलीच दिसतेय. महिन्यातून आठवडाभर मलम लागतं. आदित्य, अंडं कधी दिलंत, दाण्याच्या आधी की नंतर?

आदित्य, लंडन
आधी. कडक उकडून, पाव अंडं गाजराच्या गरात कुस्करून. तोंड वाकडं केलं, पण खाल्लं.