मदत हवी आहे: लाइटमॅप बेक केला की भिंतीवर काळ्या रेघा, अन् अंधार पाहिजे तिथं उजेड

मांजराकाठ
देवगिरीच्या अंधारीवरून एक लेव्हल बनवायलोय. दगडी बोळ, वळणं, आत शिरलं की डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असं पाहिजे. पण बेक केलं की भिंतींच्या कडांना काळ्या रेघा येतेत आणि बोळात भिंतीच्या बुडाशी बाहेरच्या उन्हाची पट्टी दिसायली. चार दिवस झाले, एका बेकला दोन तास जातेत, मधीच लाईट जाती. सोमवारी कॉलेजात दाखवायचंय, कुणाला माहीत असंल तर पटकन सांगा.

देगलूरचा
कोणतं इंजिन, मॉडेल कशात केलं, रेझोल्यूशन किती, काहीच लिहिलं नाही राव. फोटो तरी टाका.

जुना_मिस्त्री
सॅम्पल वाढवा. माझं असंच झालं होतं, दुप्पट केले अन् साफ झालं.

मांजराकाठ
युनिटी, मॉडेल ब्लेंडरमधी. सॅम्पल वाढवून बघितले दादा, रेघ उलट जास्त ठळक दिसायली. रेझोल्यूशन 10 आहे, लॅपटॉप जुना आहे म्हणून.

अंबाजोगाईकरीण
सॅम्पल कमी पडले तर डाग आणि ठिपके येतात, सरळ रेघ येत नाही. मिस्त्रीभाऊंचे डाग असतील. सीन व्ह्यूमध्ये UV Overlap लावून बघ, लाल दिसतंय का?

मांजराकाठ
ताई, दोन्ही बाजूच्या भिंती पूर्ण लाल! पण लाइटमॅपसाठी दुसरा यूव्ही मी केलाय, ब्लेंडरात एकावर एक काहीच दिसत नाही.

परभणी_पिक्सेल
मला पण टाइलच्या मधी रेघा यायच्या, मोबाइल गेम होता, टेक्स्चरचं फिल्टर Point केलं अन् गेल्या. ते करून बघा.

देगलूरचा
ती टूडीची भानगड आहे, इथं बेकचं चाललंय.

अंबाजोगाईकरीण
मांजराकाठ, बोळाची एकच बाजू करून Mirror मॉडिफायर लावलास का?

मांजराकाठ
हो, अर्धीच केली. ते सांगायचं राहिलं.

अंबाजोगाईकरीण
मग तिथंच आहे. ब्लेंडरात तुला अर्ध्याच बाजूचा यूव्ही दिसतो म्हणून स्वच्छ वाटतं. एक्सपोर्ट करताना मॉडिफायर लागतो आणि दुसरी भिंत त्याच यूव्हीवर बरोबर बसते. दगडाच्या टेक्स्चरला ते चालतं, दोन्हीकडं तोच दगड. पण लाइटमॅपमध्ये डाव्या भिंतीचा उजेड आणि उजव्या भिंतीची सावली एकाच जागी लिहिली जाते. आधी Mirror अप्लाय कर, मग दुसऱ्या यूव्हीवर नव्यानं अनरॅप कर. आणि हो, अधिकचं बटण दाबून दुसरा यूव्ही केला की तो पहिल्याचीच कॉपी असतो, नुसतं नाव बदलून भागत नाही.

जुना_मिस्त्री
एवढं कशाला? मॉडेलच्या इम्पोर्टमध्ये Generate Lightmap UVs ला टिक करा, संपलं.

अंबाजोगाईकरीण
घाई असेल तर तेही चालेल. फक्त त्यानं तुझा हातानं केलेला दुसरा यूव्ही पुसला जातो. आणि वळणावर ते मनाला येईल तिथं तुकडे पाडतं, मग तिथं बारीक रेघ दिसू शकते. मेश रेंडररमध्ये Stitch Seams लावून बघ. हातानं करणार असशील तर तुकड्यांमध्ये अंतर सोड. एखाद्या भिंतीला लाइटमॅपची 128 टेक्सेलचीच जागा मिळाली आणि अंतर 0.004 असेल, तर ते अर्ध्या टेक्सेलएवढंच झालं. शेजारचा रंग झिरपणारच.

मांजराकाठ
टिक केली अन् Stitch Seams पण लावलं. लाल गेलं, रेघा नव्वद टक्के गेल्या! पण बुडाशी उजेड आहे तसाच.

जुना_मिस्त्री
आता रेझोल्यूशन 40 करा.

अंबाजोगाईकरीण
भिंत किती जाड आहे आधी सांग.

मांजराकाठ
5 सेंटिमीटर. आतून कोण बघतंय म्हणून पातळ ठेवली. खालची फरशी एकच मोठी आहे, आतबाहेर सगळी.

अंबाजोगाईकरीण
10 ला एक टेक्सेल 10 सेंटिमीटरचा होतो. भिंत त्याच्या निम्मी. म्हणजे फरशीचा एकच ठिपका भिंतीखालून आत-बाहेर दोन्हीकडं पसरतो, बाहेर ऊन पडलं की आतला भाग पण उजळतो. 40 केलं तर पट्टी बारीक होईल, जाईलच असं नाही, आणि टेक्सेल 16 पट होतील, तुझा लॅपटॉप तिथंच बसेल. त्यापेक्षा फरशी भिंतीच्या रेषेवर काप आणि आतल्या-बाहेरच्या भागाचे यूव्ही तुकडे हातानं वेगळे कर. फरशीची फाइल वेगळी ठेव आणि तिच्यावरची Generate Lightmap UVs ची टिक काढ, नाहीतर हे तुकडे पुसले जातील. नुसती एज काढून यूव्ही जोडलेलाच ठेवला तर काही फरक पडणार नाही. भिंत 30 सेंटिमीटर तरी कर. ती देवगिरीची भिंत आहे, पत्र्याची टपरी नाही.

परभणी_पिक्सेल
एवढा ताप घेण्यापेक्षा सगळे लाइट रिअलटाइम ठेवा ना.

देगलूरचा
जुना लॅपटॉप म्हणालाय तो. वाचा हो जरा.

मांजराकाठ
ताई, भिंत 30 केली, फरशी कापली, यूव्ही वेगळे केले. बुडाची पट्टी गेली, बोळ एकदम काळाकुट्ट! फक्त तिसऱ्या वळणावर छताच्या कोपऱ्यात अजून उजेड टिपकतोय.

अंबाजोगाईकरीण
छत एकाच पापुद्र्याचं आहे का? त्याला जाडी दे, भिंतीच्या माथ्यात थोडं घुसव आणि छताला Contribute GI लागलंय का तेही बघ. नाही गेलं तर Texel Validity लावून त्या कोपऱ्याचा फोटो टाक.

मांजराकाठ
त्या कोपऱ्यातल्या छताच्या तुकड्याला Contribute GI लावलंच नव्हतं. पुन्हा बेकला लावलंय, लाईट राहिली तर रात्री फोटो टाकतो.