मदत हवी आहे: दोघांसाठी मील किट लावावं का? (न्यू जर्सी)

केतकी_जर्सी
आम्ही जर्सी सिटीत राहतो. दोघंही नोकरी करतो, घरी यायला सात वाजतात. शनिवार-रविवारी स्वयंपाक नीट होतो, पण मधल्या दिवसांत बाहेरून मागवणं फार वाढलंय. म्हणून मोजून दिलेलं कच्चं सामान आणि कृती घरपोच येते तसं, दोघांसाठी आठवड्याला तीन जेवणांचं किट बघतेय. एका ताटाचे ११ डॉलर, वर डिलिव्हरीचे ११, म्हणजे ७७ डॉलर. सुरुवातीची सूट यात धरलेली नाही, कारण ती संपणारच.

नवरा दुपारी सॅलड खातो, त्यामुळे रात्री त्याला पोटभर लागतं. त्याला पुरेल का? शिवाय मैत्रिणीचं खोकं उघडताना पाहिलं: दोन चमचे सोया सॉसची वेगळी पुडी, लसणाच्या दोन पाकळ्यांना वेगळी पिशवी, तळाशी दोन जाडजूड बर्फाचे पॅक. एवढा कचरा दर आठवड्याला घरात आणायचा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आम्ही चिकन, मासे खातो, बीफ नाही.

सदाशिव_पेठ
एवढे पैसे कशाला? पोळ्यांना बाई लावा आणि भाजीचा डबा सांगा. आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत हेच चालतं.

केतकी_जर्सी
काका, इथे ती सोय परवडत नाही हो. डबा मिळतो, पण आम्हाला घरी ताजं शिजवायचंय, फक्त ठरवणं आणि सामान आणणं वाचवायचंय.

हडसनकाठ
कचऱ्याचं वाईट वाटत असेल तर किटचा विचारच सोड. इतकं प्लास्टिक म्हटल्यावर दुकानातून आणलेलं पर्यावरणाला बरंच असणार, त्यात शंका नाही.

शिधापेटी
@हडसनकाठ, प्लास्टिक किटमध्ये जास्त असतं हे खरं, पण तेवढ्यावरून निकाल लागत नाही. मिशिगन विद्यापीठाने २०१९ मध्ये पाच जेवणं किटने आणि दुकानातल्या सामानाने करून तुलना केली, तेव्हा दुकानवाल्या जेवणांचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन सरासरी एक तृतीयांश जास्त निघालं. मुख्य कारण वाया जाणारं अन्न. सेलरीची जुडी आणायची, दोन दांडे वापरायचे, बाकी सडतं. मात्र ज्या घरात उरलेलं संपवतात तिथे हा फरक कमी होणार. केतकी, तुमच्याकडे किती टाकलं जातं, त्यावर उत्तर ठरेल.

आता पैशांचं. तीनऐवजी दोनच पदार्थ निवड, पण चार माणसांचे. मोठ्या खोक्यात ताटाचा दर बहुधा उतरतो. १० डॉलर धरला तर आठ ताटांचे ८० अधिक ११, म्हणजे ९१. एक ताट साधारण ११.४० ला पडतं. तुझ्या हिशेबात ते १२.८० च्या वर जातंय. उरलेल्यात दुसऱ्या दिवशीचा डबाही होतो. खोकं आणि बर्फ डिलिव्हरीमागे लागतो, ताटांच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून दर आठवड्याला लहान खोकं घेण्यापेक्षा एक आठवडा सोडून मोठं घे. पण सोडायचा आठवडा आधीच रद्द करावा लागतो, बऱ्याच ठिकाणी पाच दिवस आधी. विसरलीस तर खोकं येतं आणि पैसेही जातात.

मालवणी_माणूस
दुसऱ्या दिवशीचा डबा चिकनला ठीक. मासा परत गरम करून ऑफिसात खायचा? मला नाही पटत. आमच्याकडे मासा आला त्याच रात्री होतो. चिकनही दोन दिवसांत झालं नाही तर फ्रीझरमध्ये टाकतो.

शिधापेटी
बरोबर, माशाचं किट दोघांपुरतंच घ्यावं. पुरेल का, याचं माझं उत्तर असं: दोघांच्या पाकिटात साधारण २८० ग्रॅम चिकन येतं, ते बरं असतं. कमी पडतो भात. दोघांत मिळून अर्धा कप कच्चा तांदूळ! घरचा तांदूळ जास्तीचा लाव, नाहीतर कुकरला वरण लाव. शाकाहारी आणि चिकनच्या पाकिटाचा दर बहुतेक सारखाच असतो, त्यामुळे पैसे चिकन-माशावर घाल, भाज्या घरी कर.

केतकी_जर्सी
सेलरी आणि कोथिंबीर आमच्याकडे खरंच सडतात, त्यामुळे मोठ्या खोक्याचं पटतंय. पण त्या बर्फाच्या पॅकचं काय करायचं?

मालवणी_माणूस
आतला जेल सिंकमध्ये मुळीच ओतू नकोस, फुगून नळी तुंबते. कापून जेल कचऱ्यात टाकायचा, आणि वरचं प्लास्टिक पुसून जिथे रिसायकलिंगसाठी प्लास्टिकच्या पिशव्या परत घेतात त्या दुकानात द्यायचं. आमच्या गावच्या रिसायकलिंगच्या डब्यात ते चालत नाही.

हडसनकाठ
म्हणजे कापायचं, पुसायचं, दुकानात न्यायचं. सात वाजता घरी येणाऱ्या माणसाने हे करायचं? अन्न वाचतं ते मान्य, पण हा व्याप मला अजून पटलेला नाही.

केतकी_जर्सी
चार-पाच पॅक पिकनिकच्या कूलरसाठी ठेवेन, पुढचे कुठे जातील ते ठरवायचंय. पाणी भरलेला पॅक आणि कागदी आवरण देणारी कंपनी न्यू जर्सीत कुणी वापरली असेल तर कृपया सांगा.