मदत हवी आहे: पानातला मासा काट्यापाशी कच्चा राहतो

४०० ग्रॅमचा अख्खा मासा केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर झाकण ठेवून, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी ८-८ मिनिटं ठेवला, तर छान होतो. काल ९०० ग्रॅमचा होता, म्हणून वेळ सरळ दुप्पट केली. पान करपलं, शेपटी कोरडी पडली आणि मधल्या काट्यापाशी मांस गुलाबीच, काट्याला घट्ट चिकटलेलं!

बहुतेक वजनापेक्षा जाडीच महत्त्वाची; हा मधे जवळजवळ ५ सेंटीमीटर होता. आता फॉइलमध्ये, २०० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवणार आहे. एवढ्या जाडीला २५ मिनिटं पुरतील की ३५ लागतील? काट्यापर्यंत चिरा दिल्या तर वेळ किती कमी करायची? मासा फ्रीजमधून थेट काढलेला असतो, हेही सांगून ठेवते.